कूतचा वेढा आणि भुकेचा कायदा

नाशिकहून पेठ रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात रामशेजचा डोंगर दिसू लागतो. औरंगजेबाच्या फौजेने १६८२ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि पुढची काही वर्षं तो त्यांच्या हाती लागला नाही. शेवटी मिळाला तोही लढून नव्हे, पैसे चारून. ही गोष्ट आपण नाशिककर आवडीने सांगतो. वेढा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर असंच चित्र येतं: वर गड, त्यात शिबंदी, खाली फौज आणि मधे अडवलेली रसद. गडावरचा माणूस लढायला बसलेला असतो. दाणागोटा संपला की त्याने हत्यार खाली ठेवावं, हा त्या खेळाचा नियमच होता.

पण वेढ्यात गड नसून गाव असेल तर? गावात मूल जन्मतं, म्हातारी आजारी पडते, कुणाच्या तरी घरी लग्न ठरलेलं असतं. त्यांनी हत्यार उचललेलंच नसतं, मग खाली काय ठेवायचं? गाझा आणि सुदानच्या बातम्या वाचताना हा प्रश्न मनात येतो आणि दरवेळी मला मराठी माणसं ज्यात सापडली होती असा एक वेढा आठवतो. तो इराकमधल्या कूत-अल-अमाराचा.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन बसऱ्याहून बगदादकडे निघाली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये सलमान पाकजवळ, म्हणजे हजरत सलमान फारसी यांची मजार जिथे आहे त्या गावापाशी, तुर्कांनी त्यांना रोखलं. जनरल टाउनशेंड माघार घेत ३ डिसेंबरला कूतला पोहोचला आणि काही दिवसांतच गावाला वेढा पडला. तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं हे छोटं गाव. आत लढणारे दहा हजारांवर, पलटणीबरोबरचे काही हजार नोकरचाकर आणि गावातले सुमारे सहा हजार अरब रहिवासी.

या रहिवाशांना गावाबाहेर काढावं, म्हणजे खाणारी तोंडं कमी होतील, असा विचार टाउनशेंडने केला होता. राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स यांनी विरोध केला. ऐन थंडीत बायकापोरं उघड्यावर मरतील, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर गावकरी राहिले. त्या निर्णयात दया होती, पण हिशेब सोपा झाला नाही. एकाच कोठारावर आता सैन्यही जगणार होतं आणि गावही.

पहिल्यांदा धान्याचा अंदाज कमी बांधला गेला. त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या फौजेने जानेवारी १९१६ मध्ये घाईघाईने हल्ले केले आणि हजारो माणसं गमावली. जानेवारीच्या अखेरीस कूतमधल्या घरांची झडती घेतली तेव्हा गावकऱ्यांनी साठवलेलं धान्य सापडलं आणि वेढा आणखी तीन महिने तगला. हे धान्य कुणाच्या तरी घरची वर्षाची बेगमी होती. शिधा कमी कमी होत गेला. घोडे कापले जाऊ लागले, पण आपल्या हिंदू-मुसलमान शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारलं. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवावी लागली. एप्रिलमध्ये विमानांतून धान्याची पोती टाकली. पंधरवड्यात सारं मिळून सात-आठ टन माल पडला असेल, त्यातला काही नदीत गेला आणि काही तुर्कांच्या बाजूला. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन माल घेऊन निघाली, ती वाटेतच पकडली गेली. २९ एप्रिलला कूत पडलं.

त्या शेवटच्या दिवसांत काही गावकरी रात्री नदीत उतरून पोहत बाहेर पडू पाहत होते. त्यांच्यावर तुर्कांकडून गोळ्या झाडल्या गेल्या, असं वेढ्यात असलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. आत राहिलं तर उपास, बाहेर पडलं तर गोळी.

हे कायद्याने गुन्हा होतं का? त्या काळच्या कायद्याने नव्हतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ मध्ये तयार झालेल्या लीबर संहितेत शत्रूला उपाशी मारणं वैध मानलं होतं, मग तो सशस्त्र असो की निःशस्त्र. वेढ्यातल्या सेनापतीने खाणारी तोंडं कमी करण्यासाठी नागरिकांना बाहेर काढलं, तर वेढा घालणाऱ्याने त्यांना पुन्हा आत हाकलणंही तिथे चालत होतं. १९०७ च्या हेग नियमांत गावावर तोफा कधी डागाव्यात यावर कलमं होती, भुकेवर नव्हतं. इतकंच काय, लेनिनग्राडच्या वेढ्यात लाखो माणसं उपासमारीने मेल्यावरही, १९४८ मध्ये न्यूरेंबर्गला जर्मन सेनापती फॉन लेबच्या खटल्यात न्यायाधीशांना हेच म्हणावं लागलं. वेढ्यातून निसटणाऱ्या नागरिकांवर गोळीबार करण्याचा हुकूम त्यांना पटला नाही, पण तेव्हाच्या कायद्यात तो गुन्हा ठरवण्याची सोय त्यांना सापडली नाही.

कायदा बदलला तो त्यानंतर, तोही दोन टप्प्यांत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने एक छोटं दार उघडलं. वेढ्यातून जखमी, आजारी, वृद्ध, मुलं आणि बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी दोन्ही बाजूंनी समझोत्याचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलं आहे. नागरिकांसाठीची औषधं जाऊ द्यावीत आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी, गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी अन्नही जाऊ द्यावं. पण त्या दाराला कडीही ठेवली: हा माल शत्रूच्या सैन्याकडे वळेल अशी गंभीर शंका असेल तर तो अडवता येतो. दुसरा टप्पा १९७७ चा. त्या वर्षीच्या पहिल्या प्रोटोकॉलच्या ५४ व्या कलमाने नागरिकांची उपासमार हे युद्धाचं साधन म्हणून वापरण्यास सरळ मनाई केली. पिकं, जनावरं, पाण्याच्या सोयी नष्ट करण्यासही मनाई केली. भारताने जिनिव्हा करार स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला, पण या प्रोटोकॉलमध्ये आपण सामील नाही. तरीही ही मनाई आता रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानली जाते, म्हणजे सही नसलेल्यांनाही ती लागू होते.

आता आजचा कायदा घेऊन पुन्हा कूतला जाऊ. वेढा घालणं आजही बेकायदा नाही. शत्रूच्या सैन्याची रसद तोडता येते. ‘जुलनार’ लष्कराचा माल लष्करासाठी नेत होती, तिला अडवणं आजही चाललं असतं. पोहत निघालेल्या गावकऱ्यांवर गोळी मात्र नाही, कारण तो नागरिकांवरचा थेट हल्ला ठरला असता. एखादी तटस्थ संस्था फक्त गावकऱ्यांसाठी धान्याची बोट घेऊन आली असती, तर तुर्की सेनापतीला बोटीची झडती घेता आली असती, वेळ आणि मार्ग ठरवता आला असता, वाटपावर देखरेख मागता आली असती. पण गाव उपाशी असताना, ठोस कारण न देता ‘एक दाणाही जाणार नाही’ असं म्हणता आलं नसतं. मदतीला संमती लागते हे खरं, पण ती मनमानीने नाकारता येत नाही.

टाउनशेंडलाही आजचा कायदा सोडत नाही. कूत इंग्रजांनी सप्टेंबर १९१५ मध्येच जिंकून घेतलं होतं, म्हणजे ते ताब्यातलं गाव होतं. ताबा ज्याचा, पोटाची जबाबदारी त्याची. गावकऱ्यांची गरज बाजूला ठेवून त्यांच्या घरातलं धान्य त्याला सैन्यासाठी उचलता आलं नसतं.

सगळा वाद खरं तर एका वाक्यावर येऊन थांबतो: ‘आत पाठवलेली भाकरी लढणाराही खाणार.’ हे वाक्य खोटं नाही. कूतमध्ये तर कोठार एकच होतं. पण कायद्याने त्याचं उत्तर दिलेलं आहे. सैनिकाच्या तोंडी दोन घास जातील म्हणून हजारो मुलांचं ताट ओढून घेता येत नाही. केवळ सैन्यासाठीचा साठा नष्ट करता येतो, पण ज्या कृतीने नागरिक उपाशी पडतील अशी अपेक्षा आहे, ती करता येत नाही.

अवघड आहे ते हेतू सिद्ध करणं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात नागरिकांची उपासमार हे युद्धाचं साधन म्हणून जाणूनबुजून वापरणं हा युद्धगुन्हा आहे आणि मदत मुद्दाम अडवणं त्यातच येतं. वेढा घालणारा कधीच म्हणत नाही की मला मुलं मारायची आहेत. त्यामुळे पुरावा इतर ठिकाणी शोधावा लागतो: अधिकाऱ्यांची जाहीर विधानं, किती ट्रक लागत होते आणि किती सोडले, कोणत्या वस्तू कोणतं कारण देऊन परत पाठवल्या, आणि उपासमारीचे इशारे मिळाल्यावर धोरण बदललं की नाही. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलचे संरक्षणमंत्री गॅलंट यांनी गाझाला वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही असं जाहीर केलं. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी या न्यायालयाने नेतान्याहू आणि गॅलंट यांच्या नावे अटक वॉरंट काढलं, त्यातल्या आरोपांत उपासमारीचा आरोप होता. वॉरंट म्हणजे शिक्षा नव्हे. पण १९४८ च्या न्यायाधीशांना जे कलम सापडलं नव्हतं, ते आज लिहिलेलं आहे.

आपल्या मोहल्ल्यांत गाझावर बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. सुदानच्या अल-फाशिरवर मात्र फारसं कुणी बोलत नाही. तिथे वेढा घालणारेही मुसलमान होते आणि उपाशी मरणारेही. जून २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेने तो वेढा उठवण्याची मागणी केली, तरी तो पुढे वर्षाहून अधिक काळ चालला. कूतलाही खलिफाची फौज बाहेर होती आणि आत अरब मुसलमान उपाशी होते. मोहरममध्ये आपल्याकडे सबील लागते, तिथे पाणी पिणाऱ्याला कुणी त्याची जात-जमात विचारत नाही. करबल्यात फुरातचं पाणी तोडणारेही कलमा पढणारेच होते, हे ती सबील लावणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

वेढा कुणी घातला, हा प्रश्न म्हणूनच दुसरा. आत किती माणसं आहेत, त्यांना दिवसाला किती धान्य लागतं, किती पोहोचतंय आणि बाकीचं कोणत्या नाक्यावर कोण अडवतंय, हे आधी विचारावं.