दोन बोऱ्या की पाच?

परवा आमच्या कॉलनीतली तरुण मुलं घरी आली होती. सव्वीस जानेवारीला मुलांच्या शर्यती ठेवल्या आहेत. "काका, मैदानावर ट्रॅक आखायचाय, चूना किती लागेल? तुम्ही बँकेतले, हिशेब करून द्या." मी हसलो, पण उत्तर लगेच दिलं नाही. हाच हिशेब मी 1987 साली एकदा केला होता, आणि तो चुकल्यामुळे एका सज्जन माणसाला चोर ठरवून बसलो होतो. तेव्हापासून या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही.

पुण्याकडचे आमचे नातेवाईक या पांढऱ्या भुकटीला फक्की म्हणतात. आम्ही इंदूरवाले मराठी बोलतानाही "चूना डालना है" असंच म्हणत आलो. खरं तर तो चुना नसतोच, ती असते मार्बल पावडर. पण त्यावर पुढे येतो.

त्या वेळी मी माझ्या मुलांच्या शाळेत पालक समितीचा खजिनदार होतो. वय छत्तीस, बँकेत नुकतीच बढती झालेली, त्यामुळे आकड्यांचा रुबाब जरा जास्तच. डिसेंबरात खेळांचा कार्यक्रम होता. मैदान सांभाळणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना दादाच म्हणायचे. त्यांनी मागणी पाठवली: सहा लेनचा दोनशे मीटरचा ट्रॅक, मार्बल पावडर पाच बोऱ्या, चाळीस किलोची एक. म्हणजे दोनशे किलो.

मी कागद घेतला आणि बसल्या जागी हिशेब मांडला. सहा लेन, दोनशे मीटर, म्हणजे बाराशे मीटर रेषा. रेषेची रुंदी पाच सेंटीमीटर. लांबी गुणिले रुंदी, झाले साठ चौरस मीटर. पावडरचा थर एक मिलिमीटर धरला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर, म्हणून साठ लिटर. मोकळी पावडर लिटरला साधारण किलोभर भरते. म्हणजे साठ किलो! दीड बोरी! मी मोठ्या मनाने दोन मंजूर केल्या आणि रजिस्टरात लिहिलं, "मागणी अवाजवी."

वर एका सदस्याने हळूच सांगितलं, "अहो, हीच पावडर रांगोळीला चालते. बाजारात सहज खपते." दिवाळी नुकतीच झालेली. मी काही बोललो नाही, पण मनात पक्कं बसलं. दादांना बोलावून कागद दाखवला. ते एवढंच म्हणाले, "बाबूजी, कागज का हिसाब ठीक होगा. जमीन का हिसाब अलग है." मला ते उद्धट वाटलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी दादांनी आखायला घेतलं. दोन्ही वळणांच्या मध्यबिंदूंवर खुंट्या ठोकल्या, खुंटीला तार बांधून कमान काढली. सुतळी ताणते आणि कमान वाकडी होते, म्हणून ते तारच वापरत. आतून पहिली रेषा, मग दुसरी, मग तिसरी. शेवटची आडवी रेषा मारायला डबाभर पावडर बाजूला काढून ठेवली. चौथी रेषा पहिली सरळ बाजू संपता संपता थांबली. दोन्ही बोऱ्या रिकाम्या!

अंधार पडत आलेला, बाजार लांब. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथे चुना होता. कोणीतरी म्हणालं, तोच आणा. दादांनी साफ नकार दिला. "बच्चे गिरेंगे, साहब." तेव्हा मला ती टाळाटाळ वाटली. नंतर कळलं की त्यांचं शंभर टक्के खरं होतं. विझवलेला चुनासुद्धा घाम लागला की कातडी पोळवतो, खरचटलेल्या गुडघ्यावर तर फारच, आणि डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका. मार्बल पावडर म्हणजे दगडाचं पीठ, ती पोळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. विझवलेला चुना वजनाला हलका, तेवढ्याच डब्यात मार्बल पावडरच्या साधारण निम्माच भरतो. पण खात्री नसेल तर दुकानदाराकडून बोरीवर नाव पाहूनच घ्यावी.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पूर्ण आखलेल्या लेन दोनच होत्या. पहिल्या शर्यतीत सहा मुलं सोडली. बाहेरच्या चौघांना रेषाच नव्हती, ती वळणावर आत घुसली, दोघांची टक्कर झाली, एकाचा गुडघा फुटला. निकालावरून पालकांत वादावादी. मग दोन-दोन मुलं पळवत दुपार काढली. आणि बोलणी कोणाला बसली? दादांना. सगळ्यांसमोर. मी दहा हातांवर उभा होतो. माझ्या खिशात तो हिशेबाचा कागद होता, आणि मी गप्प राहिलो.

रात्री झोप लागली नाही. बँकेत कॅश जुळली नाही की आम्ही घरी जात नसू. इथे तर सव्वाशे-दीडशे किलोचा फरक होता. रविवारी सकाळी घरचा तराजू घेऊन मैदानावर गेलो. दादा होतेच. पुसट झालेल्या रेषा अजून दिसत होत्या. आम्ही दोघांनी टेप लावला.

पहिली चूक लांबीत सापडली. सहा लेनना रेषा सहा नसतात, सात असतात. पाच बोटांत फटी चार, तसंच हे उलटं. शिवाय दोनशे मीटर फक्त आतल्या लेनमध्ये धावण्याची वाट असते. बाहेर जाल तशी प्रत्येक रेषा लांबत जाते. लेन एक मीटर बावीस सेंटीमीटरची, दोन वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ, म्हणून दर रेषेमागे साडेसात मीटरांहून थोडी जास्त वाढ. आमच्या ट्रॅकच्या सरळ बाजू पन्नास-पन्नास मीटरच्या. सर्वांत आतली रेषा सुमारे 199 मीटर, सर्वांत बाहेरची 245. सातांची बेरीज 1552 मीटर. आरंभाच्या पुढे-मागे सरकवलेल्या रेषा, शेवटची रेषा, रिलेच्या खुणा धरून सोळाशे. मी धरले होते बाराशे.

दुसरी चूक रुंदीत. पाच सेंटीमीटर पुस्तकात. हाताच्या गाडीने मारलेली रेषा वळणावर पसरते, वाऱ्याने उडते. आम्ही दहा ठिकाणी मोजली, सरासरी सात सेंटीमीटर आली. दोन सेंटीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. पण पाचावर दोन म्हणजे चाळीस टक्के. मी कोणाला चाळीस टक्के जादा कर्ज दिलं असतं का?

तिसरी चूक थरात. एक मिलिमीटर थर फरशीवर दिसेल. गवतात आणि भेगाळ काळ्या मातीत पावडर आधी खाली उतरते, मग वर पांढरी दिसते. हे मोजायचं कसं? दादांनी युक्ती सांगितली. गाडी भरून तिचं वजन करा, दहा मीटर रेषा मारा, पुन्हा वजन करा. घट भरली एक किलो दोनशे ग्रॅम. म्हणजे थर जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरचा.

आता गंमत बघा. लांबी माझ्या अंदाजाच्या सव्वापटीहून थोडी जास्त, रुंदी दीडपटीहून थोडी कमी, थर पावणेदोनपटीच्या जवळ. एकेक चूक लहान. पण या चुकांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या माणसाला हे कळू नये! साठ किलो तिप्पट होऊन एकशे नव्वदवर गेले. दुसऱ्या बाजूनेही पडताळलं: दहा मीटरला एक किलो दोनशे, तर सोळाशे मीटरला 192 किलो. दादांनी मागितले होते दोनशे. फक्त आठ किलो सांडलवंडीला. आणि दोन बोऱ्यांची रेषा कुठवर जायला हवी, तेही मांडलं: तिसरी रेषा पूर्ण आणि चौथीचे चाळीस-पन्नास मीटर. नेमकी तिथेच ती थांबली होती. एक चमचाही रांगोळीला गेला नव्हता.

बँकेत खोडरबर चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून, वर बरोबर नोंद करून सही करायची. सोमवारी मी रजिस्टर काढलं, "अवाजवी"वर रेघ मारली, "मागणी योग्य, हिशेब माझा चुकला" असं लिहिलं आणि सही केली. पुढच्या सभेत ते मोठ्याने वाचलं. दादा दाराशी उभे होते. बाहेर आल्यावर त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाबूजी, अगले साल तराजू आप लाना." पुढची नऊ वर्षं मी तराजू नेला.

तर कॉलनीच्या मुलांना मी आकडा दिला नाही, रीत दिली. ज्या मैदानावर आखायचं त्याच मैदानावर दहा मीटर मारून वजन करा. रेषांची लांबी खरी मोजा, आणि लेनपेक्षा रेषा एक जास्त हे विसरू नका. गुणाकार करा, वर थोडं सांडलवंडीचं धरा. दोन रेषा झाल्या की शिल्लक तपासा. आमच्या मैदानावर दोन रेषांना एक बोरी आणि वर आठ-नऊ किलो गेले असते. तेव्हाच थांबून पाहिलं असतं, तर बाजार उघडा होता. क्रिकेटचं विचारलंत, तर तीच पावडर असेल तर पिचच्या दोन्ही टोकांच्या रेषा मिळून बावीस-तेवीस मीटर, तीन किलोत भागतं. पण साठ मीटर त्रिज्येची सीमारेषा पावणेचारशे मीटर होते, ती पंचेचाळीस किलो खाते. आणि सिमेंटच्या कोर्टावर रंग लावायचा असेल, तर डब्यावर लिहिलेलं क्षेत्र गुळगुळीत भिंतीसाठी असतं. आधी एका कोपऱ्यात मोजलेला मग ओतून पाहा.

दादा आता नाहीत. शाळेची इमारतही नवी झाली. पण डिसेंबरात कुठल्या मैदानावर पांढरी कमान दिसली की मी अजून पावलाने रेषेची रुंदी मोजतो. नातवंडं हसतात.

तुमच्या शाळेत मैदान कोण आखायचं? नाव आठवत नसेल तरी चालेल, गोष्ट लिहा.