तोच शब्द, पुन्हा

मराठीत रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांवर मी फेसबुक पेजवर छोट्या पोस्ट लिहितो. त्यातल्या चोवीस कधीच शिळ्या न होणाऱ्या: अर्ज, वकील, दप्तर वगैरे. नोकरी सांभाळून रोज नवं लिहिणं जमेना, म्हणून आठवड्याला दोन याप्रमाणे त्या आपोआप फिरत राहतील अशी सोय केली. बाराव्या आठवड्यानंतर पहिलीच पोस्ट परत आली. "सर, 'वकील' पुन्हा?" अशी कॉमेंट पडली.

मला वाटलं होतं, प्रत्येक पोस्ट सगळ्यांना थोडीच दिसते! ते खरंच आहे. पण ज्यांना प्रत्येक पोस्ट दिसते ते नेमके रोज वाचणारे, कॉमेंट करणारे. म्हणजे कंटाळा येतो तो सर्वांत जवळच्या वाचकांना.

मग सोमवारी जुनी आणि गुरुवारी नवी असं ठरवलं. आता एक पोस्ट चोवीस आठवड्यांनी, म्हणजे साधारण साडेपाच महिन्यांनी परत येते. येताना तिचं दार बदलतो. पहिल्यांदा 'दप्तर' शाळेच्या पिशवीपासून सुरू झालं होतं, दुसऱ्यांदा पुण्याच्या पेशवे दफ्तरापासून. माहिती तीच, पण पहिल्या दोन ओळी आणि फोटो नवे. वेळही बदलतो, सकाळची पोस्ट रात्री नऊला. कोणती पोस्ट कधी गेली आणि कोणत्या ओळीने सुरू झाली, हे एका वहीत लिहून ठेवतो.

सणांच्या पोस्ट मात्र या रांगेतून काढल्या. 'शब-ए-बारात'ची पोस्ट मी दरवर्षी त्याच इंग्रजी तारखेला लावली होती. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दुसऱ्या वर्षी रात्र उलटून गेल्यावर माझी पोस्ट म्हणाली, "आज शब-ए-बारात." घरात अम्मीनेच आधी हसून दाखवलं. आता त्या तारखा दरवर्षी हाताने भरतो.

खरी चूक वेगळीच होती. 'हजर' या शब्दाची आठवण एका निवृत्त गुरुजींनी करून दिली होती. पोस्टच्या शेवटी मी लिहिलं होतं, "गुरुजी, असेच शब्द पाठवत राहा." ती पोस्ट परत फिरली तेव्हा गुरुजींना जाऊन महिना झाला होता. खाली त्यांच्या मुलीने एवढंच लिहिलं, "अब्बा नाहीत आता."

मी पोस्ट काढली नाही. तिला फोन केला, माफी मागितली, आणि तिच्या परवानगीने शेवटची ओळ बदलली.

त्या दिवसापासून आपोआप जाणं बंद. रविवारी रात्री उद्याची पोस्ट उघडतो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. माणसांची नावं, 'आज', 'यंदा', 'गेल्या आठवड्यात' असे शब्द शोधतो. गावात काही वाईट घडलं असेल तर ती पोस्ट पुढच्या सोमवारवर ढकलतो. पाच मिनिटांचं काम आहे. 'हजर' अजून रांगेत आहे.