लॉट नंबर आधी

लग्नपत्रिका कोणीही जुळवतो. खराब माल गेल्याचं कबूल करणारं पत्रक लिहिणं हे वेगळंच काम. वाचणारा आधीच तापलेला असतो. मारेगावात छापखाना चालवता चालवता अशी पत्रकं मीच लिहून देत आलो, आणि त्याचा मला ताठा होता. अजून आहे. फक्त पुतणीनं माझ्यादेखत सोयाबीनचं एक पत्रक अर्ध्यावर आणलं, तेव्हापासून हात जरा अडखळतो.

गोष्ट २०२०च्या जूनची. आदल्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस झाला होता. सोयाबीनचं साल मुळात नाजूक. भिजलेला, मळणीत मार खाल्लेला दाणा वरून धड दिसतो, पण आतला अंकुर गेलेला असतो. राज्यभर पेरलेलं निघेना, इतकं की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आमच्याकडचा एक छोटा बियाणे गटही त्यात सापडला. उगवण निदान ७० टक्के हवी. त्यांनी एका लॉटचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून पुन्हा तपासले, तर ५६ निघाले.

मी मजकूर लिहिला. निसर्गाची अवकृपा, शेतकरी बांधवांचा विश्वास, आमची पंधरा वर्षांची सेवा असं सगळं त्यात आलं. पहिलं वाक्य तर मी दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं, इतकं मला आवडलं होतं. पुतणी म्हणाली, "काका, ज्यानं थैली अजून फोडली नाही, तो एवढं वाचेपर्यंत पेरून मोकळा होईल." मग लॉट नंबर वर गेला, मोठ्या टायपात, आणि खाली एवढंच: हे बियाणं पेरू नका, घेतलं त्या कृषी केंद्रात परत करा, दुसऱ्या लॉटची थैली किंवा पैसे घ्या. माफी त्याखाली, एका ओळीत.

गटाच्या अध्यक्षांना मात्र वेगळीच वाट सुचली होती. एकरी ३० किलोऐवजी साडेसदतीस किलो पेरा असं लिहू, जास्तीचं बियाणं फुकट देऊ. हिशोब बरोबर होता. तीसला सत्तरनं गुणून छप्पननं भागा, तेवढंच येतं. पण ओल्या पोत्यातला दाणा लाडात वाढतो. शेतात वरून पपडी धरते, पेर खोल पडते, आणि ज्याच्यात जोर नाही असा दाणा मातीतच कुजतो. पोत्यात ५६ निघाले, शेतातल्या तासात किती निघतील, हे कोणी सांगावं? ती ओळ खोडली.

खरा घोळ पेरून बसलेल्यांचा होता. त्यांना थैली बदलून द्यायची तर नुकसान खरं कशावरून? टॅग आणि पावती मागावी, तर थैली फोडताना टॅग फाटलेला, पावती उधारीच्या वहीत. "थैली त फेकली जी, आता काय दाखवू?" असंच जो तो म्हणणार. त्यावर तोड निघाली. कृषी केंद्राच्या विक्री नोंदीत नाव आणि लॉट असतो, तो धरायचा.

पंचनाम्याचं काय करायचं, ते मात्र सुटेना. तालुक्याच्या तक्रार समितीनं शेत पाहिलं पाहिजे, म्हणजे रिकामे तास मोडायचे नाहीत. इकडे वाफसा दोन-चार दिवसांचा. १५ जुलै उलटली की सोयाबीन पेरण्यात फारसा अर्थ उरत नाही. "पंचनाम्याशिवाय शेत मोडू नये" असं लिहावं तर शेतकऱ्याचा हंगाम जातो. न लिहावं तर त्याचा पुरावा जातो. हे एक वाक्य मी किती तऱ्हांनी फिरवलं! मोठ्या कंपन्यांच्या वृत्तपत्री खुलाशांत ही अडचण कधी दिसत नाही, कारण त्यांचा मजकूर वकील लिहितो, आणि वकिलाला वाफसा ठाऊक नसतो.

शेवटी असं ठरलं: कृषी कार्यालयात अर्ज आजच द्या, त्याची पोच जपून ठेवा. गटाचा माणूस दोन दिवसांत बांधावर येईल, शेजाऱ्याच्या सहीनं मोजणी लिहील आणि नवी थैली तिथंच देईल. समिती आली नाही तर चार तास तसेच राखा, बाकीचं मोडून पेरा. राखलेल्या चार तासांनी समितीचं समाधान होईल याची हमी गट देऊ शकत नव्हता, म्हणून तेही छापलं. अध्यक्षांना ते बोचलं.

राहिला दुबार पेरणीचा खर्च: डिझेल, मजुरी, पहिल्या पेरणीत गेलेलं खत. गटाची ऐपत थैलीपुरती. गटाच्या वकिलाचं म्हणणं, त्यावर काहीच लिहू नका. पण बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक आहे, त्याला ग्राहक मंचात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगून ठेवलं होतं. आम्ही गप्प बसल्यानं तो हक्क थोडाच जाणार होता? "नवी थैली घेतली म्हणून खर्चाची तक्रार करण्याचा तुमचा हक्क जात नाही" ही ओळ पुतणीनं सुचवली. अध्यक्षांनी ती दोनदा खोडली. तिसऱ्या प्रुफात मी ती पुन्हा जुळवली, आणि या वेळी त्यांनी न वाचताच सही केली.