चहा बिनसाखरेचा, पण बिस्किटांचं काय?

मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेले एक काका माझ्याकडे नियमित येतात. चहातली साखर त्यांनी बंद केली होती, गोळ्याही वेळेवर चालू होत्या, तरी साखर काही उतरत नव्हती. डोस वाढवण्याआधी मी चहाबरोबर काय खाता ते विचारलं. "काही नाही हो, चार पौष्टिक बिस्किटं. सकाळी आणि संध्याकाळी." पुढच्या वेळी मी त्यांना ते पाकीट घेऊन यायला सांगितलं.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला गव्हाची कणसं होती. आम्ही मागची बाजू वाचली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सर्वात जास्त ते आधी. इथे पहिला होता 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर', म्हणजे आपला मैदा. मग पामतेल, मग साखर. पुढे 'इनव्हर्ट सिरप' आणि 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' होते. हीसुद्धा गोडीच, फक्त नावं वेगळी. गोडी अशी तीन नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं.

मग तक्ता पाहिला. १०० ग्रॅममागे वाढीव साखर, म्हणजे 'ॲडेड शुगर्स', २० ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट १० ग्रॅम आणि सोडियम ५०० मिलिग्रॅम. पाकीट २०० ग्रॅमचं, बिस्किटं २०, म्हणजे एक बिस्कीट १० ग्रॅमचं. काकांची दिवसाची आठ बिस्किटं झाली ८० ग्रॅम.

त्यात साखर १६ ग्रॅम, म्हणजे साधारण चार चहाचे चमचे. दोन कप चहातले दोन चमचे त्यांनी सोडले होते आणि त्याच्या दुप्पट बिस्किटांतून घेत होते! शिवाय मैदाही रक्तातली साखर वाढवतोच, त्यामुळे 'शुगर फ्री' बिस्किटांनीही हा प्रश्न सुटत नाही.

सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, त्यातला पाचवा हिस्सा गोड बिस्किटांतच संपला. चवीला खारट लागत नाही, कारण बिस्किटं फुगवायच्या खाण्याच्या सोड्यातही सोडियमच असतं.

सॅच्युरेटेड फॅट झालं आठ ग्रॅम. लेबलवरची टक्केवारी दिवसाला २२ ग्रॅम धरून काढतात, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. पाकिटावर 'ट्रान्स फॅट ०' छापलं होतं आणि ते खरंही असेल, पण पामतेलातल्या सॅच्युरेटेड फॅटबद्दल ते काहीच सांगत नाही.

टक्केवारी मात्र जपून वाचा. ती 'प्रति सर्व्हिंग' असते आणि त्या पाकिटावर सर्व्हिंग होतं दोन बिस्किटांचं. तुम्ही आठ खात असाल, तर आकडा चारने गुणा.