पत्रक कुणाच्या हातात द्यायचं?

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, कल्याण स्टेशनच्या पश्चिमेच्या स्कायवॉकवर एक मुलगा जिमची पत्रकं वाटत होता. माझी मामेबहीण आणि मी एकाच लोकलने उतरलो होतो. ती स्वतः खडकपाड्याजवळच्या एका छोट्या जिममध्ये ट्रेनर आहे, त्यामुळे दुसऱ्या जिमचं पत्रक दिसलं की तिचे पाय थांबतातच. ती बघत उभी राहिली आणि दोन मिनिटांत तिचा चेहरा बदलला. तो मुलगा सगळ्यांना पत्रक देत नव्हता. सडपातळ माणसं आली की हात मागे, अंगाने भरलेलं कुणी आलं की हात पुढे.

एका पन्नाशीच्या बाईंच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. त्याने पत्रक सरळ पिशवीत खोचलं. बाईंनी मागे वळून पाहिलं. शेजारून चाललेल्या तिघी-चौघींना काहीच मिळालं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पत्रक त्यांनी बाहेर काढलं, वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. फेकलंही नाही. फेकलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मामेबहीण नंतर कितीदा तरी म्हणाली.

तिने त्या मुलाला हटकलं. मुलगा जेमतेम अठरा-एकोणीसचा, रोजावर काम करणारा. तो म्हणाला, "ताई, मॅनेजर बोलले, बारीक माणसांना देऊन कागद फुकट घालवू नको." पत्रकावर एकाच माणसाचे दोन फोटो होते, सुटलेल्या पोटाचा आणि सपाट पोटाचा. खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न होता, हे पोट घेऊन नव्या वर्षात जाणार का? त्याखाली वर्षाच्या पॅकेजवर सूट, एकतीस तारखेपर्यंतच.

मुलाचा दोष नाही, हे उघड आहे. पण तो मॅनेजर कुठेतरी बसून हिशेब करतो, की रस्त्यावरच्या माणसाचं शरीर बघून त्याला गिऱ्हाईक ठरवायचं. माणूस कामावरून दमून घरी निघालाय, डोंबिवलीपासून दारात लोंबकळत आलाय, आणि शेकडो लोकांमधून त्याच्या एकट्याच्या हातात कागद ठेवून सांगायचं की तुझ्याकडे आम्ही बघितलं. मोठ्याने शिवी दिली तर माणूस उलट बोलू तरी शकतो. इथे काय बोलणार? "मला का दिलंस?" असं विचारलं तर स्वतःच स्वतःला जाड म्हणवून घेतल्यासारखं होतं. ही कोंडी मुद्दाम तयार केलेली आहे आणि तिला मार्केटिंग म्हणतात, याचा राग अजून गेलेला नाही.

जाहिरातींवर देखरेख ठेवणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया मुंबईत १९८५ पासून आहे. शरीराच्या ठेवणीवरून कुणाला हिणवणारी जाहिरात करू नये, हे तिच्या नियमावलीत आता स्पष्ट लिहिलेलं आहे. पण ही जाहिरातदारांनीच स्वतःवर घालून घेतलेली शिस्त. कल्याणच्या स्कायवॉकवर वाटल्या जाणाऱ्या कागदापर्यंत ती आपण होऊन पोचत नाही, कुणीतरी तक्रार करावी लागते.

दुसऱ्याच दिवशी मामेबहिणीच्या मालकाने तिला सांगितलं, आपलंही न्यू इयरचं पत्रक काढायचंय, मजकूर तू लिही. मालकाचं म्हणणं सरळ होतं. वर्षाचं पॅकेज ७,९९९ ला लावायचं, सोबत टी-शर्ट फुकट, आणि मजकूर जरा टोचणारा हवा. "टोचल्याशिवाय माणूस हलत नाही," हे त्यांचं ठाम मत. ते दुष्ट नाहीत. दोन गाळ्यांचं भाडं, विजेचं बिल आणि तीन ट्रेनरचे पगार भरणारे गृहस्थ आहेत, आणि जानेवारीत आलेल्या पैशांवर त्यांचा जूनपर्यंतचा संसार चालतो.

पण टोचल्याने माणूस हलतो, हेच खरं नाही. लेनी वार्टेनियन आणि जॅकलिन शाप्रो यांनी २००८ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना शरीरावरून जास्त टोमणे सोसावे लागले होते, त्यांचा व्यायाम टाळण्याकडे कल जास्त होता, आणि असा कल असणाऱ्यांचा व्यायामही कमी होता. मामेबहिणीला हे काउंटरवरच दिसतं. दारापर्यंत येऊन, काचेतून आत बघून परत फिरणारी माणसं ती ओळखते. त्यांना व्यायामाचा कंटाळा नसतो, आरशासमोर सगळ्यांच्या देखत उभं राहण्याची धास्ती असते.

वर्षाच्या पॅकेजचंही तसंच. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेन्डियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि त्याच क्लबात १० डॉलरला एक खेप पडेल असा पासही मिळत होता. आपण खूप वेळा येऊ, या भरवशावर माणूस जास्तीचे पैसे मोजतो. कल्याणचा हिशेब करून बघा. ७,९९९ भरून जानेवारी-फेब्रुवारीत वीस वेळा आला आणि मग बंद झाला, तर एक खेप चारशे रुपयांना पडली. मार्चमध्ये त्याला पैशांचं वाईट वाटतं, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटते. एकदा लाज वाटली की तो त्या रस्त्याने जाणंही टाळतो.

म्हणून तिने आठ आठवड्यांची ऑफर बांधली. फी दोन हजार. आठवड्यात दोन वार सभासदाने स्वतः निवडायचे, पहाटे साडेपाचची लोकलवाल्यांची वेळ घ्या, नाहीतर दुपारची अकरा ते एकची रिकामी वेळ घ्या. पत्रकावर शरीराचा फोटो नाही. दोन वार लिहायला दोन रिकामे चौकोन आणि त्याखाली एक वाक्य: "वार चुकला तरी पुढच्या वाराला या, परत येणाऱ्याला पन्नास रुपये सूट."

हे शेवटचं वाक्य मालकाला अजिबात पटेना. चुकवणाऱ्याला बक्षीस? न चुकता येणाऱ्याला काय मग? पण याच कल्पनेला मोठा आधार आहे. अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या चार आठवडे वापरून पाहिल्या गेल्या. केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. सगळ्यांत वरचढ ठरली ती, चुकलेल्या व्यायामानंतर परत येणाऱ्याला अगदी किरकोळ बक्षीस देण्याची युक्ती. कारण समजण्यासारखं आहे. व्यायाम सुटतो तो पहिल्या खाड्याने नाही, त्यानंतरच्या दुसऱ्या खाड्याने. पाहुणे आले, गाडी उशिरा आली, पाळी आली, एक वार गेला. मग "आता काय, मोडलंच" असं मनात येतं. पन्नास रुपये त्या विचाराच्या आधी दारात उभे राहतात. मर्यादाही सांगायला हवी: त्या अभ्यासात चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा परिणाम ओसरला होता. म्हणून तिने सूट पुढच्या फीतून वळती करायची ठरवली. परत येण्याचे पन्नास, जास्तीत जास्त चार वेळा. सोळापैकी बारा खेपा झाल्या तर आणखी पाचशे, न चुकवणाऱ्यालाही तेच. म्हणजे चार वेळा चुकवून चारही वेळा परतलेल्याला पुढचे दोन महिने तेराशे रुपयांत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला होता, त्याचाही फायदा तिने मालकाला गिऱ्हाइकाकडे सोडायला लावला.

पत्रकापेक्षा जास्त काम आत होतं. वजनकाटा काउंटरच्या शेजारी होता. नवीन माणूस आला की आधी काट्यावर चढायचं, आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा रिसेप्शनवरून पुकारायचा आणि रजिस्टरात लिहायचा, अशी रीत. काटा मागच्या खोलीत गेला. फोनवर विचारायचा पहिला प्रश्न "वजन किती?" असा होता, तो "कुठले वार जमतील?" असा झाला. त्यानंतर बीपी, शुगर, छातीत दुखणं, चक्कर आणि गुडघे यांची चौकशी. ती मात्र प्रत्येकाची, बारीक माणसाचीसुद्धा. फुकटच्या टी-शर्टचा गठ्ठा उघडला तर त्यात फक्त मिडियम आणि लार्ज. ज्यांना बोलवायचं त्यांच्या मापाचा कपडाच मागवला नव्हता! तिने चार एक्सएलपर्यंतची मापं मागवून घेतली. ट्रेडमिलवर किती वजनाच्या माणसाने चालावं ते कंपनीने लिहून दिलेलं असतं; ती पट्टी शोधून वाचली, कारण नको तिथे मशीन कुरकुरली तर माणूस पुन्हा येत नाही.

प्रगती मोजायला तिने खुर्ची घेतली. हात छातीवर बांधून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. ही तपासणी वयस्कांच्या पायांची ताकद पाहायला जगभर वापरतात. एका शाळेत शिपाई असलेल्या बाई मंगळवार-शनिवार येत. पहिल्या दिवशी नऊ वेळा उठल्या, आठव्या आठवड्यात तेरा वेळा. त्यांचं वजन किती उतरलं ते त्यांनी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. "सहा नंबर फलाटावरून जिना चढताना आता कठडा धरत नाही," एवढं त्या म्हणाल्या.

हे सगळं ऐकून माझं मत झालं होतं की जिममध्ये वजन हा विषयच काढू नये. ते एका काकांनी मोडून काढलं. शुगर असलेले, निवृत्त, बिर्ला कॉलेजच्या बाजूला राहणारे. काटा मागे ठेवलेला बघून ते चिडले. "डॉक्टरांनी सहा किलो सांगितलेत. मला दर शनिवारी आकडा पाहिजे, लपवाछपवी नको." त्यांचं बरोबरच होतं. त्यांचा आकडा त्यांना हवा होता, तो हवा तिथे मिळायलाच हवा. वजन कमी करायची इच्छा असणं यात कमीपणा नाही, आणि ती बोलून दाखवू न देणं हाही एक प्रकारचा दबावच. तेव्हापासून काटा मागच्या खोलीतच आहे, पण दार उघडं असतं.

जानेवारीत मालकाच्या हातात नेहमीपेक्षा कमी रोकड आली. वर्षाचे पैसे एकदम मिळाले नाहीत, ते अजून ऐकवतात. मार्चमध्ये दुपारची वेळ मात्र पहिल्यांदा भरली. यातलं कुठलं पारडं जड, हे वर्ष संपल्याशिवाय कळणार नाही, आणि मालक पुढच्या डिसेंबरात पुन्हा ७,९९९ वर गेले तर त्यांना दोष देणं मला जड जाईल.

येत्या जानेवारीत तुम्ही जिमच्या काउंटरवर उभे असाल, तर सूट किती ते नंतर विचारा. आधी विचारा की मध्ये पंधरा दिवस येता आलं नाही तर काय, मशीनवर किती वजन चालतं, आणि आकडा कोण कोण बघणार. आणि हिणवणारं पत्रक कुणी हातात दिलं, तर फोटो काढून जाहिरात कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करा, त्याला पैसे लागत नाहीत.