नकारांची रांग

स्पॅनिश शिकवताना पहिल्या काही महिन्यांतच मी फळ्यावर एक वाक्य लिहिते: ‘नो ले प्रेस्ता नुन्का नादा आ नादिये.’ ‘प्रेस्ता’ म्हणजे उसनं देतो. ‘नो’ म्हणजे नाही, ‘नुन्का’ म्हणजे कधीच नाही, ‘नादा’ म्हणजे काहीच नाही आणि ‘नादिये’ म्हणजे कुणीच नाही. चार नकार. वर्गातला एखादा इंजिनिअर लगेच हिशेब मांडतो: नकार सम संख्येत आहेत, म्हणजे गडी उदार असणार! प्रत्यक्षात वाक्य सांगतं, की हा माणूस कधीच कुणाला काहीच उसनं देत नाही. पक्का चिक्कू.

दोन नकारांचा होकार होतो, हे आपण शाळेत इंग्रजीच्या तासाला शिकलेलो असतो. स्पॅनिशमध्ये हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिथे नकार एकदाच होतो, तो क्रियापदापाशी. बाकीचे नकारी शब्द त्याच्याशी जुळवून घेतात. ‘त्या पांढऱ्या मांजरी पळाल्या’ असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकवचन चारही शब्दांवर उमटतं, पण म्हणून मांजरी चौपट होत नाहीत. स्पॅनिश व्याकरणात या जुळणीला नकाराची सुसंगतीच म्हणतात.

आता नियमाचा गाभा. क्रियापदाच्या आधी एक तरी नकारी शब्द हवा. तो आला, की मागे नकारी शब्दांची कितीही रांग लागू द्या. ‘नो बीनो नादिये’ म्हणजे कुणी आलं नाही. ‘नादिये’ उचलून क्रियापदाच्या पुढे ठेवला, की ‘नो’ची गरज संपते: ‘नादिये बीनो’. अर्थ तोच. वरच्या चिक्कूचंही तसंच. ‘नुन्का ले प्रेस्ता नादा आ नादिये’ म्हणा, नाहीतर ‘आ नादिये ले प्रेस्ता नुन्का नादा’ म्हणा. दोन्हींत ‘नो’ गळला, कारण त्याची जागा दुसऱ्या नकाराने घेतली. पुढे कुठला शब्द काढायचा, हे जोर कशावर द्यायचा त्यावर ठरतं.

मराठी विद्यार्थ्याला यातला अर्धा भाग फुकट मिळतो. ‘कधीच कुणाला काहीच देत नाही’ हे त्याच्या तोंडात बसलेलंच असतं. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यावर. आपलं ‘कुणीच’ कुठेही ठेवलं, तरी ‘नाही’ लागतोच. म्हणून तो बिनधास्त लिहितो, ‘नादिये नो बीनो’. आजच्या प्रमाण स्पॅनिशमध्ये हे चूक आहे, जुन्या स्पॅनिशमध्ये मात्र अशी वाक्यं सापडतात. फरक एका प्रश्नाने कळतो. ‘कोण आलं?’ याला आपण नुसतं ‘कुणी’ असं उत्तर देत नाही, ‘कुणी नाही’ म्हणतो. स्पॅनिश माणूस नुसतं ‘नादिये’ म्हणतो आणि उत्तर पुरं होतं. म्हणजे त्या शब्दात नकार मुरलेला आहे.

तो मुरला कसा, हे लॅटिनमध्ये दिसतं. ‘नादा’चं मूळ ‘रेस नाता’, म्हणजे जन्मलेली वस्तू. ‘नादिये’ही जन्मलेल्यांसाठीच्या शब्दातून आला. मुळात दोन्हींत नकार नव्हता. ‘जन्मलेली एकही गोष्ट नाही’ अशा बोलण्यात ते सतत ‘नो’च्या संगतीत राहिले आणि अखेर एकटे असले तरी नकारच सांगू लागले. ‘नुन्का’ मात्र ‘नुम्क्वाम’पासून आलेला, जन्मजात नकारी. गंमत म्हणजे अभिजात लॅटिनमध्ये नकार एकमेकांना खोडत: ‘नेमो नोन’ म्हणजे ‘कुणी नाही असं नाही’, अर्थात सगळेच. लेकीने आईचा हा हिशेब पुढे चालवला नाही.

इंग्रजीच्या धाकातून होणारी चूक वेगळी. दुसरा नकार टाळायचा म्हणून विद्यार्थी ‘आल्गियेन’, म्हणजे ‘कुणीतरी’, वापरतो आणि लिहितो, ‘नो बी आ आल्गियेन’. त्याला म्हणायचं असतं, मला कुणी दिसलं नाही. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, की अमुक एक जण दिसला नाही, आणि तो विचारतो, ‘कोण?’ इथे ‘नो बी आ नादिये’च हवं.

मग स्पॅनिशमध्ये नकार नकाराला कधीच खोडत नाही? खोडतो, पण त्यासाठी दोन्ही नकारांना आपापलं क्रियापद लागतं. ‘नो पुएदो नो इर’: पहिला ‘नो’ ‘शकतो’चा, दुसरा ‘जाणं’चा. अर्थ, मला न जाऊन चालणार नाही. इथे हिशेब शाळेतलाच.

तेव्हा स्पॅनिश वाक्य समोर आलं, की नकार मोजत बसू नका. आधी क्रियापद शोधा आणि त्याच्या डावीकडे पाहा. तिथे एक नकार असेल, तर वाक्य नकारी. उजवीकडे आणखी किती आहेत, याने काही बदलत नाही.