पैसे घ्यायला पिन लागत नाही

दूध संस्थेच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण लेख म्हणून लिहून द्या, तांत्रिक भाग मात्र गाळा, असं संपादकांनी कळवलं. बराचसा गाळला आहे. एक गोष्ट गाळली तर सांगण्यासारखं काही उरत नाही.

दिवाळीच्या तोंडावर दूधबिलाचा दरफरक जमा होतो, हे ठगालाही ठाऊक असतं. आमच्या बँकेत आलेली तक्रार अशीच होती. "काका, संस्थेतून बोलतोय. तुमचा 4,800 रुपये फरक अडकलाय. व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका." काकांनी स्कॅन केलं. पडद्यावर बरोबर 4,800 आले, तिथेच त्यांची खात्री पटली. पिन टाकला आणि तेवढे पैसे खात्यातून गेले.

मंडळी, क्यूआरच्या त्या चौकटीत असतो पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता आणि नाव. रक्कमही आधी भरून ठेवता येते. ठगाने तेच केलं होतं. स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. पिन म्हणजे विड्रॉल स्लिपवरची सही. शिल्लक बघायलाही तो लागतो, पण आलेले पैसे घ्यायला कधीच लागत नाही. पिनच्या आधी पडद्यावर नाव येतं. फरक संस्था देणार आणि नाव भलत्याच माणसाचं, तर तिथेच थांबायचं.

"मोबाईल हॅक झाला," असं गावभर झालं. कुणी काही फोडलं नव्हतं. हे सांगताना मला काकांना दोष द्यायचा नाही, आणि इथेच माझं बँकेतल्या सहकाऱ्यांशी वाजतं. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमांत, ग्राहकाने स्वतःची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली तर तो निष्काळजीपणा. बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. काकांनी पिन कुणालाही सांगितला नव्हता, स्वतःच्याच फोनवर टाकला होता. तरी "व्यवहार तुम्हीच मंजूर केलात" असं उत्तर त्यांना मिळालं. फसवून घेतलेल्या सहीला मंजुरी म्हणणं मला पटत नाही. पण आज काउंटरवर हेच उत्तर मिळतं, म्हणून वेळ महत्त्वाची.

मुलगा शहरातून येईपर्यंत काका दोन दिवस थांबले. तोवर पैसे तिसऱ्या खात्यातून एटीएमवाटे निघाले होते. 1930 वर लगेच फोन केला, तर पैसा ज्या बँकेत पोचला असेल तिथे तो गोठवता येतो. फोन करताना व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक जवळ ठेवा; ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. आपल्या बँकेतही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

सचिवांना मी एक सुचवलं: दरफरकाची तारीख फलकावर लावा, आणि खाली लिहा की फरक थेट खात्यावर जमा होतो, त्यासाठी संस्था कुणाला क्यूआर पाठवत नाही. अध्यक्षांनी हा विषय संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी घेतला आहे.